घरी बंद पडणारं मशीन

चिमाजीबाबांनी आल्या आल्या श्रवणयंत्राची डबी माझ्या टेबलावर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच.

"हे परत घ्या, मॅडम. माझं पैसं द्या. घरी चालत नाय."

त्र्यंबक रोडवरचा हा कानांच्या मशीनचा दवाखाना मी एकटी चालवते, आणि पैसे परत मागितले की माझं डोकं फिरतं. त्यात सकाळपासून एकाला मशीनची शिट्टी नको होती, दुसरीला मशीनच नको होतं. पण बाबा सातपूरच्या कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या प्रेसवर उभे राहून कान घालवून बसलेले. त्यांच्यावर खेकसणं काही जमेना. मी मशीन त्यांच्या कानात बसवलं, पाठ फिरवली आणि हळूच विचारलं, "चहा घेणार?"

"बिनसाखरंचा."

"बघा, चालतंय की!"

"हितं चालतंय. घरी गेलं का बंद पडतं."

मी सेल बदलला. नळीत मळ अडकलाय का पाहिलं, स्वतः लावून आवाज ऐकला. मशीन ठणठणीत होतं.

"घरी कोणाचं बोलणं ऐकू येत नाही?"

"पोराचं. सुनंचं. नातीचं, सृष्टीचं. मशीन नव्हतं तवा समदं यायचं. आता कायच नाय."

"ते समोर बसून बोलतात ना?"

"ते गेले की पुण्याला. पोराला तिकडं नोकरी लागली. मशीन आलं, त्याच आठवड्यात."

मला आधी हसू आलं आणि मग स्वतःचाच राग आला. इतके दिवस घरातले त्यांच्या कानाशी ओरडत होते. आता कानात मशीन होतं आणि घरात ओरडणारं कोणी नव्हतं. हा माणूस रोज मशीन घालून शांत घरात बसायचा आणि ते बिघडलंय असं समजायचा. दिवसभर लोकांना ऐकवून रात्री मीही कुलूप उघडून आधी टीव्ही लावते. मला त्यांचं घर डोळ्यांसमोर दिसलं आणि फार वाईट वाटलं.

मी खुर्ची त्यांच्या जवळ ओढली.

"बाबा, पैसे मला परत देता येणार नाहीत. हा साचा तुमच्याच कानाच्या मापाचा बनवलाय, तो दुसऱ्या कोणाला बसणार नाही. आणि वापरलेलं मशीन मी दुसऱ्याला विकत नाही. म्हणून तर घ्यायच्या आधी इथे घालून बघायला दिलं होतं. पावतीवरचा नियमही वाचून दाखवला होता. तो सगळ्यांना सारखा आहे, तुमच्यासाठी मोडला तर उद्या दुसऱ्याला काय सांगू?"

"आता मी काय करू त्याचं?" त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं.

"ते बघू आपण. पोरांचा फोन येतो ना?"

"येतो रविवारी. कानाला लावला का मशीन शिट्टी मारतं. मी हो हो म्हणतो न ठिवून देतो."

"कोणता फोन?"

त्यांनी खिशातून मुलाने जाताना दिलेला मोठा फोन काढला. पूर्वी त्यांच्याकडे बटणांचा होता. मला एकदम हुरूप आला. "हा मशीनला जोडता येतो! फोन तोंडासमोर धरायचा, बोलणं थेट कानात येईल. जोडून देते, आणि वर्षभर आवाज कमी-जास्त करायला कधीही या, त्याचे पैसे नाहीत."

जोडून झालं आणि मी मुलाचा नंबर लावून दिला. पलीकडचं मला काहीच ऐकू येत नव्हतं, सगळं बाबांच्या कानात. त्यांचा चेहरा उजळला. मग एकदम उतरला.

"काय? ऐकू नाय आलं! मोठ्यानं बोल, सृष्टी!"

मी आवाज वाढवायला उठले. त्यांनी हातानेच मला बसवलं. नंतरही ते तेच म्हणत राहिले. मोठ्यानं बोल, पुन्हा सांग, कोणती बाई, कसली सहल. बराच वेळ चाललं. फोन ठेवला तेव्हा डोळे पुसत होते.

"नीट येत नव्हतं का?" मी विचारलं.

"लय झ्याक येत व्हतं. पोरगं मागून तिला म्हणालं, हो हो कर न ठिव, त्यान्ला काय कळतंय. ते बी आलं."

एवढं छान जोडून दिलं आणि हे ऐकवलं. नियम गेला खड्ड्यात, पैसे देऊन टाकू असंही मनात आलं. "बाबा, हवं तर मशीन..."

"नको, नको. ऱ्हाऊ द्या." त्यांनी डबी चटकन खिशात घातली. "फक्त पोराला सांगू नका, मला ऐकू येतंय म्हणून."

"का?"

"ऐकू येतंय म्हटल्यावर पोरगी दोन शब्द बोलंल न ठिवंल. वरडून सांगायला लय येळ लागतो, मॅडम."