बापाशी बोला

रचनाचं डोकं सकाळपासून तापलं होतं, आणि त्याला कारण तिचा भागोजीमामा. पाहुणे तिला बघायला यायचे होते म्हणून मामानं तिच्या बापाला, दयारामला, ओटीच्या पार कोपऱ्यात नेऊन बसवलं आणि वर हिलाच दटावलं, "बापाला ऐकू येत न्हाय हे बोलायचं न्हाय. दाजी अबोल हायत असं मी सांगून ठेवलंय. एकदा जमू दे, मग बघू."

दयाराम जन्मापासून बहिरा. लहानपणी चार वर्षं मूकबधिरांच्या शाळेत गेला, तिथं खुणा शिकला आणि अक्षर असं कमावलं की पेणपासून धरमतरपर्यंतच्या निम्म्या ट्रकांवरची नावं त्यानंच रंगवलेली. पण नाक्यावर त्याला बोलवायचं तर लोक मागून खडा मारत आणि दात काढत. आणि बोलायचं असेल तर रचना होतीच. पाच वर्षांची असल्यापासून 'बापाला सांग', 'बापाला विचार' ऐकून तिचे कान किटले होते. समोर बसलेल्या माणसाबद्दल लोक असे बोलायचे जसा तो गावाला गेलाय!

पाहुणे आले. मुलाचा बाप कोंडाजी, चार ट्रकांचा मालक. ओटीवर पाय ठेवताच त्यानं खणखणीत आवाजात घातला, "राम राम, दयारामशेठ!" दयाराम खाली मान घालून मांडीवरच्या वहीत काहीतरी लिहीत होता. त्यानं वर पाहिलं नाही. कोंडाजीनं पुन्हा राम राम केला. मग त्याचा चेहरा उतरला.

"घरी आल्या पाव्हण्याला राम राम न्हाय? येवढा माज?"

"अबोल हायत, बाकी काय न्हाय," मामा हसत म्हणाला.

पोह्यांच्या बशा घेऊन आलेल्या रचनानं ताट आदळलंच. "माज न्हाय, काका. त्यांना ऐकूच येत न्हाय. मामानं लपवलं. लाज वाटतेय ती मामाची, बापाची न्हाय."

कोंडाजी माणूस वाईट नव्हता, पण अक्कल गहाण ठेवल्यासारखा उठला, दयारामच्या कानाशी वाकला आणि गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "राम राम!" दयाराम दचकून मागं सरला. मग कोंडाजी रचनाकडं वळला. "त्याला सांग, मी मुलाचा बाप."

रचनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी न्हाय सांगणार! ओरडून बहिऱ्याला ऐकू येतं होय? समोर बसा, त्यांच्याकडं बघा, हातानं दाखवा. न्हाय जमलं तर वही हाय, त्यांना वाचता येतं. ज्या घराला माझ्या बापाशी बोलता येत न्हाय त्या घरात मी यायची न्हाय!"

मामानं कपाळावर हात मारला. कोंडाजी चपला शोधू लागला.

तेवढ्यात मुलगा उठला. प्रज्योत त्याचं नाव. तो दयारामच्या समोर आला, जरा लांबूनच हात हलवला आणि दयाराम वर बघेपर्यंत थांबला. मग हात जोडले. दयारामचा चेहरा खुलला, त्यानंही हात जोडले आणि शेजारची जागा थोपटली. प्रज्योत शेजारी न बसता समोर बसला, म्हणजे तोंड दिसेल. छातीवर बोट ठेवून त्यानं वहीत नाव लिहिलं. दयारामनं हवेतच स्टिअरिंग फिरवून भुवया उंचावल्या. प्रज्योतनं मान डोलावली आणि 'माणगाव, रोज' असं लिहिलं. त्यावर दयाराम बसल्या जागी असा गदागदा हादरला की हायवेचे सगळे खड्डे त्या ओटीवर आले. प्रज्योतनं कंबर धरून तोंड वाकडं केलं. दोघं हसले.

मग दयारामनं भराभर काहीतरी विचारलं. प्रज्योतला ते कळलं नाही. त्यानं सवयीनं रचनाकडं बघितलं आणि तीही सवयीनंच बोलून गेली, "ते विचारतायत, गाडीवर असताना तुम्ही..."

दयारामनं तिच्या मनगटावर चापट मारली. जोराची नव्हती, पण लागली. मी बोलतोय, तू थांब, असं त्यानं बोटानं बजावलं. मग प्रज्योतकडं वळून तीच खूण सावकाश केली. स्टिअरिंग, गालाखाली तळवा, आणि उघडे हात. झोपतोस कुठं? प्रज्योतला आत्ता कळलं. त्यानं केबिनमधली पाय पोटाशी घेऊन झोपायची तऱ्हा करून दाखवली.

रचना भिंतीला टेकून खाली बसली. पाच वर्षांची असल्यापासून जगावर जाळ काढला, की माझ्या बापाला कुणी बोलू देत नाही. आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तोडणारी पहिली कोण? तिला स्वतःचाच संताप आला.

कोंडाजीला राहवेना. "काय बोलतायत गं? पसंत हाय का त्यांना?"

"त्यांनाच विचारा," ती म्हणाली, पण या खेपेला आवाज चढला नाही.

कोंडाजी अवघडत समोर येऊन बसला. आधी हात जोडले. मग मुलाकडं बोट, रचनाकडं बोट, आणि मान हलवून, कसं?

दयारामनं त्याचे जोडलेले हात धरले, मानानं. पण उत्तर दिलं नाही. तो रचनाकडं वळला, ती आपल्याकडं बघेपर्यंत थांबला, प्रज्योतकडं बोट केलं, मग तिच्याकडं, आणि भुवया उंचावल्या.

सकाळपासून हे तिला कुणीही विचारलं नव्हतं. मामानं नाही, पाहुण्यांनी नाही. तिनं स्वतःलाही नाही.

जगाला फटाफट उत्तरं देणाऱ्या रचनाचे हात मांडीवरून हलेनात. तिच्याकडं बघत बाप थांबून राहिला.