एकशे अठरावी ओळ

पीरजादेबाईंच्या टेबलावर लाकडी पट्टी, टोक काढलेली शिसपेन्सिल आणि भिंग एवढंच होतं. सायलीला वाटलं होतं, अरबीचं भाषांतर म्हणजे कॉम्प्युटर असेल, जाडजूड शब्दकोश असतील. जुन्या नाशकातल्या त्या माडीवर तसलं काहीच दिसेना.

"किती पानं?" बाईंनी विचारलं.

"सहा."

"ओळी किती ते विचारतेय, बेटा."

ते काही सायलीनं मोजलं नव्हतं. वडलांच्या, म्हणजे आप्पांच्या, सौदीतल्या बँकेचं ते वर्षभराचं स्टेटमेंट. रंगनाथ आप्पा अंबडच्या कारखान्यात फिटर होते. तो बंद पडला आणि दोन हजार सालच्या एप्रिलात ते दम्मामला गेले. आता दोन हजार नऊचा डिसेंबर चालू होता. सायलीला इंग्लंडच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, व्हिसाची फाईल सोमवारी जायची होती, आणि बँकेत इंग्रजी प्रत मागायची असते हे आप्पांना ठाऊकच नव्हतं. काउंटरवरच्यानं अरबी कागद छापला, गोल शिक्का मारला आणि आप्पांनी तो कुरियर केला.

द्वारका चौकातला एजंट हर्षल तिला घेऊन आला होता. माणूस वाईट नव्हता, फक्त सगळीकडे घाई. "बाई, मोठ्या रकमा तेवढ्या करा. बारीकसारीक कोण बघतंय?"

पीरजादेबाईंनी नुसतं चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. अरबीत एम.ए. केलेली, तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई ती, असल्यांना गप्प कसं करायचं हे तिला माहीत होतं. त्यांनी पहिल्या ओळीखाली पट्टी लावली आणि समासात पेन्सिलीनं एक आकडा घातला.

मग सुरू झालं. उजवीकडून तारीख, ती हिजरी, म्हणजे मुसलमानी कालगणनेतली. ती तशीच लिहायची आणि शेजारी इंग्रजी तारीख. मग व्यवहाराचा तपशील, तोही कधी निम्मा तोडलेला, कधी नुसती दोन अक्षरं. शेवटी रक्कम आणि शिल्लक.

"हे 'मीम' अक्षर म्हणजे खात्यातून गेले. हे 'दाल' म्हणजे आले. हा पाच आहे हं, शून्य नव्हे. आपली माणसं इथंच फसतात. यांचा शून्य म्हणजे नुसता ठिपका."

हर्षलनं आपल्या हिशेबाच्या कागदावर हळूच काहीतरी खोडलं.

पट्टी खाली सरकत राहिली. मशीनमधून काढले, शंभर रियाल. दुकानात कार्ड, एकोणीस रियाल. भारतात पाठवले, पंधराशे. पगार, तीन हजार. पुन्हा मशीनमधून शंभर. बाई मोठ्यानं वाचत होत्या आणि सायली पट्टीमागोमाग एकेक ओळ बघत होती. साडेनऊ वर्षांत आप्पा चारदा घरी आले होते. फोनवर "मजेत हाय" याखेरीज काही बोलले नव्हते. आणि इथं, पेन्सिलीच्या आकड्यांमागं, त्यांचं सबंध वर्ष उभं राहत होतं. महिन्याला शंभराच्या दोन नोटा. ऑगस्टपासून, म्हणजे प्रवेशाचं पत्र आलं तेव्हापासून, एकच. शंभर रियालात माणूस महिना काढतो? काढत होता, ओळीनं ओळीनं काढत होता. असला माणूस आपला बाप आहे, या विचारानंच ती दबून गेली.

एकशे अठराव्या ओळीवर पट्टी थांबली. बाईंनी भिंग घेतलं.

"शव्वाल महिन्याची अखेर, म्हणजे ऑक्टोबर. चौदा हजार जमा. तपशील: 'मुकाफआ', आणि पुढं दोन सुटी अक्षरं, नून आणि खा."

"म्हणजे काय?" हर्षल पुढं वाकला.

"मुकाफआ म्हणजे बक्षिसी, मोबदला."

"मग बोनस लिहा की! झालं! व्हिसाला लागणारी शिल्लक तिथूनच पुरी होतेय, आणि ती खात्यात अठ्ठावीस दिवस राहावी लागते, तेही भरले आहेत."

"ती दोन अक्षरं कुणी वाचायची?" बाई म्हणाल्या. "मला वाटतं ते नोकरी संपल्यावरच्या रकमेचं लघुरूप आहे. पण मला वाटतं म्हणून मी लिहीत नाही." त्यांनी पट्टी खाली नेली. "आणि हे बघ. याच्याआधी पगार तीन हजार, या कंपनीकडून. नंतरचे दोन पगार एकोणीसशे, आणि कंपनीचं नाव दुसरंच."

हर्षलचा चेहरा उतरला. फाईलमध्ये आप्पांच्या नोकरीचं पत्र होतं, ते जुन्या कंपनीचं. "बाई, बोनस लिहिलं की कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"पगार देणाऱ्याचं नाव बदललेलं व्हिसा कचेरीतल्या माणसाला दिसणार नाही? पत्र एक सांगतंय, खातं दुसरं. पोरीवर खोट्या कागदाचा शिक्का बसला, तर दहा वर्षं ते दार बंद. शेवटी सही माझी असते, हर्षल. नाव, पत्ता, फोन नंबर, आणि हे भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे असं लिहून. बेटा, वडलांना फोन लाव."

सायलीनं नंबर लावला. तिकडून यंत्रांचा गोंगाट आला आणि मग आप्पांचा आवाज.

"बोल सायले, मजेत हाय मी."

"आप्पा, नोकरी सोडलीत तुम्ही?"

आप्पा यंत्रांपासून जरा लांब गेले, गोंगाट कमी झाला.

"कोण बोललं?"

"तुमचा बँकेचा कागद बोलला."

"आसं व्हय," आप्पा म्हणाले. "आगं, पैसं कमी पडत व्हतं. नोकरी सोडल्याबिगर कंपनी हिशोब देत नाय. मंग सोडली. दुसरीकडं लागलो की लगेच, जुबेलला. लय काय फरक नाय."

बाईंनी फोन मागून घेतला आणि हिशोबाचा कागद, नव्या कंपनीचं पत्र, दोन्ही फॅक्सनं मागवली. आप्पांनी दबकत विचारलं, "खरं लिव्हल्यानं पोरीचं काम आडंल का हो?"

"खरं लिहिल्यानं अडणार नाही, भाऊ. अडलं असतं ते लपवल्यानं."

"मंग लिव्हा. कष्टाचंच पैसं हायेत."

फॅक्स रविवारी सकाळी आले. हिशोबाचा कागदही अरबीच. पीरजादेबाईंनी तो वाचला, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसल्या.

"नऊ वर्षं सहा महिने," त्या म्हणाल्या. "तिथला कायदा असा आहे की दहा वर्षांच्या आत स्वतःहून सोडली, तर हिशोबाच्या दोन तृतीयांशच मिळतात. म्हणून एकवीस हजारांतले चौदा हजार. सहा महिने थांबले असते तर पुरे साडेबावीस. त्यांना हे माहीत होतं, बेटा. इथं खाली सहीशेजारी लिहून घेतलंय, समजावून सांगितलं म्हणून."

आप्पांपुढं आपण फार लहान आहोत असं सायलीला वाटलं, आणि त्यात वाईट असं काही नव्हतं. उंच डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून वर बघितल्यावर वाटतं तसं काहीसं.

बाईंनी एकशे अठरावी ओळ इंग्रजीत लिहिली, नोकरीअखेरची रक्कम म्हणून. खाली टीप दिली: मूळ कागदावर लघुरूप आहे, अर्थ सोबतच्या हिशोबपत्रावरून. मग उरलेल्या ओळी केल्या, गोल शिक्क्यातली अक्षरंही केली, एक पुसट शब्द होता तिथं 'वाचता येत नाही' असं प्रामाणिकपणे लिहिलं, आणि सही केली. हर्षलनं नोकरीचं जुनं पत्र फाईलमधून काढून नवं लावलं.

व्हिसा तीन आठवड्यांत आला.

एप्रिलात, लीड्समधल्या खोलीतून, कॉलेजला निघण्याआधी सायलीनं जुबेलला फोन केला. तारीख तिनं मुद्दाम लक्षात ठेवली होती.

"आप्पा, आज जुन्या कंपनीत तुमची दहा वर्षं झाली असती."

पलीकडं यंत्रं चालू होती. आप्पा म्हणाले, "म्हाईत हाय. सकाळीच आठवलं व्हतं." आणि मग, "तू कुठून बोलतीस?"

"लीड्सहून, आप्पा."

"मंग झाली की पुरी."