कंसात काय लिहायचं

ते पत्र गेल्यापासून ग्रंथालयात तिचं नाव सूचनाबाई पडलं होतं, आणि वरवर तोंड वाकडं केलं तरी तिला ते मनातून आवडत होतं.

लोकांनी दान दिलेल्या हस्तलिखित डायऱ्या स्वयंसेवकांकडून टाइप करून घ्यायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा आधी तिने सगळ्यांना मोकळं सोडलं होतं. माणसं आपल्या वेळात, हौसेने करतायत, त्यांना कशाला अटी घालायच्या? मग टाइप केलेली पानं येऊ लागली आणि तिने कपाळाला हात लावला. कुणी तारीख वर घातली होती, कुणी खाली. एका निवृत्त मास्तरांनी डायरीतल्या बाईची वाक्यं सुधारून दिली होती. कॉलेजातल्या एका मुलीने तर मजकुराच्या मधोमध ‘किती गोड’ असं लिहून पुढे हसरा चेहरा टाकला होता. उद्या कुणी काही शोधायला बसलं, तर डायरी लिहिणारी कुठे संपते आणि टाइप करणारी कुठे सुरू होते, हे त्याला कळायचं कसं?

म्हणून तिने पत्र लिहिलं. लेक दुपारची झोपली की एक कान पाळण्याकडे ठेवून ती एकेक कलम घालत गेली. तारीख स्वतंत्र ओळीवर, सगळीकडे एकाच पद्धतीने. मूळ पान संपलं की त्याचा क्रमांक चौकटी कंसात. लिहिणाऱ्याच्या चुका जशाच्या तशा. न लागलेल्या शब्दाच्या जागी कंसात ‘अवाच्य’. खोडलेलं वाचता आलं तर तेही कंसात. आपल्या मनाचं अक्षरही नाही. आणि शेवटी तिच्या दृष्टीने सगळ्यात नेटकं वाक्य: डाग, रेघोट्या, पानांत ठेवलेली वाळकी फुलं यांची नोंद करू नये, आपलं काम मजकुराचं.

पत्राचा गुण आला. पानं एका साच्यातून काढल्यासारखी येऊ लागली. सगळ्यात चोख पानं असायची टायपिंगबाईंची. त्यांनी उभा जन्म टायपिंगचा क्लास चालवला होता. क्लास बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, तरी त्या खुर्चीत बसल्या की पाठ आजही ताठ.

मावशींच्या आईच्या वह्या टाइप करायला टायपिंगबाईंकडेच होत्या. मावशी म्हणजे ग्रंथालयाच्या जुन्या वाचक, साऱ्या गल्लीच्या मावशी. आता डोळे गेले होते. समोरचं माणूस धुक्यात उभं असल्यासारखं दिसायचं. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर फोन जोडून द्यायच्या कामाला होती, आणि मावशी शाळेच्या खालच्या वर्गात असतानाच ती गेली. डोळे होते तोवर मावशी त्या वह्या काढून बसायच्या. ते थांबलं, तेव्हा त्यांनी वह्या ग्रंथालयाला दिल्या, एकाच आशेने: टाइप झालं की फोन वाचून दाखवेल आणि आई पुन्हा ऐकू येईल.

तर त्या ऐकायला आल्या. ग्रंथालयाच्या खिडकीपाशी तिने त्यांना बसवलं, टेबलावर फोन ठेवला. फोन आपल्या सपाट आवाजात वाचू लागला. बोर्डावर सकाळपासून गर्दी, मान धरली. चादरी वाळल्या नाहीत. शेजारच्या टेबलावरची लग्न होऊन गेली, तिची जागा रिकामी बघवत नाही. मावशींचा चेहरा उजळत गेला. मधेच त्या सांगू लागल्या, आईच्या कानावर हेडफोनचा वळ असायचा, त्यावरून बोट फिरवत त्या झोपायच्या.

मग फोन म्हणाला, “आज सुट्टी. निवांत लिहीन म्हटलं. कंसात अवाच्य. पण पोरगी. कंसात अवाच्य. मांडीवरून उतरेना. कंसात अवाच्य.”

मावशींनी हात वर केला. तिने फोन थांबवला.

“इथे माझ्या रेघोट्या आहेत,” त्या म्हणाल्या. “लाल. अख्खं पान भरून. त्यांचं काय केलंस?”

तिने पत्रातलं कलम समजावून सांगितलं. सांगताना आपलाच आवाज तिला फोनसारखा वाटायला लागला. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं.

“आईचा नि माझा एकत्र फोटो नाही गं. त्या एका पानावर तेवढ्या आम्ही दोघी आहोत. तुझ्या कंसात मी अवाच्य झाले.” मग त्या उठल्या. “असंच असेल तर वह्या परत दे. निदान हात तरी फिरवीन.”

ती तडक टायपिंगबाईंकडे गेली आणि तेवढ्या पानावर रेघोट्यांचं लिहा म्हणाली. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. तोंडी सांगण्यावरून आपण कधी एक ओळ बदलली नाही, एकीसाठी एक आणि दुसरीसाठी दुसरं असं चालणार नाही, आणि लिहायचं तरी काय? “‘मुलीने ओढलेल्या रेघा’? ओढताना तू होतीस का तिथे? मनाचं अक्षरही नको, हे तुझंच ना?”

बाईंचं खरं होतं.

वह्या जीर्ण म्हणून टाइप करायला सगळ्यांना पानांचे फोटो दिले जात, आणि जागा कमी लागावी म्हणून तेही काळे-पांढरे. तिने कपाट उघडून मूळ वही काढली, खिडकीपाशी नेली, भिंग लावलं. फोटोत करड्या दिसणाऱ्या रेघा इथे लालभडक मेणखडूच्या होत्या. शब्द त्यांच्याखाली गेले असतील म्हणून ती खालचं अक्षर शोधू लागली, आणि खाली काही नव्हतंच. निळी शाई रेघेपाशी येऊन थांबत होती, वाकून बाजूने जात होती, पुढच्या मोकळ्या जागेत वाक्य पुरं करत होती. एके ठिकाणी वेलांटी मेणावर चढली होती आणि तिथे शाई धरली नव्हती; तुटून थेंबथेंब उरली होती. म्हणजे लाल आधी, निळं नंतर. रेघांनी काही गिळलंच नव्हतं. टाइप करणारी ओळीत सरळ वाचत गेली आणि मधल्या करड्या रेघांखाली शब्द आहेत असं समजली.

ती वही मांडीवर घेऊन बसून राहिली. एका हाताने लेकीला धरायचं आणि दुसऱ्याने उरलेल्या जागेत आपलं काम करायचं, ही बसण्याची रीत तिच्या अंगवळणी पडलेली होती. रेघोट्या म्हणजे कचरा, असं आपणच लिहिलं कसं, हे तिला कळेना.

त्याच दिवशी सुधारलेलं पत्र सगळ्यांना गेलं. मजकुराच्या जागेवर रेघा, चित्र वा डाग असल्यास चौकटी कंसात नोंद करावी: रंग, कुठून कुठवर, आणि मजकूर त्याच्या खाली आहे, वरून आहे की वळसा घालून. कुणी केलं ते डायरीत नसेल तर लिहू नये. अशी पानं मूळ वहीवरूनच पाहावीत. त्यासाठी ग्रंथालयात यावं. झालेली पानं पुन्हा ताडावीत. चूक पत्राची होती, तुमची नाही.

कुरकुर झालीच. एवढं पुन्हा म्हणजे जीव गेला, असं दोघांनी कळवलं. मास्तरांनी विचारलं, त्यांच्या स्वतःच्या चहाचा डाग फोटोच्या प्रतीवर पडलाय, तोही इतिहासात घ्यायचा का. टायपिंगबाईंनी काही विचारलं नाही. त्या आल्या, भिंग मागून घेतलं आणि ते पान पहिल्या ओळीपासून नव्याने टाइप केलं.

मावशी वह्या न्यायला आल्या, तेव्हा सोबत कापडी पिशवी होती. तिने फक्त एवढंच म्हटलं, एकदा ऐका, मग न्या.

“आज सुट्टी,” फोन म्हणाला. “निवांत लिहीन म्हटलं पण पोरगी मांडीवरून उतरेना. कंसात. लाल मेणखडूच्या गोल रेघा, पहिल्या ओळीपासून पानाच्या तळापर्यंत. मजकूर रेघांना वळसा घालून लिहिलेला. कंस पूर्ण.”

“वळसा घालून?” मावशींनी विचारलं.

“हो. रेघा आधीच्या आहेत. शाई नंतरची.”

“म्हणजे मी तिचं लिहिलेलं बिघडवलं नाही?”

“नाही मावशी. तुमचं झाल्यावर उरलेल्या जागेत त्यांनी लिहिलंय.”

इतकी वर्षं मावशींना त्या पानावर लालच दिसत आलं होतं, शाईचा वळसा नाही. ते पान उराशी धरताना मनात काहीतरी रुतलेलं होतं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला लिहायला मिळणारी एकुलती एक सुट्टी, आणि आपण तिच्यावर गिरबटलं.

त्यांनी पिशवीची घडी केली आणि मांडीवर ठेवली.

“वह्या राहू देत इथे,” त्या म्हणाल्या. “आणि त्याला जरा हळू वाचायला सांग. कुठे गाडी पकडायची आहे त्याला.”

तिने फोनचा वेग कमी केला आणि ते पान पुन्हा लावलं.