ठिपक्यांतून आई

फोटो दुरुस्तीच्या त्या दुकानात मालकांचा एकच नियम होता आणि तो मोडणाऱ्याची ते खैर ठेवत नसत. चेहरा पार गेलेला असेल तर तो मशीनकडून तीनदा काढून घ्यायचा, दर वेळी वेगळा आकडा देऊन. तिन्हींत जे बदलेल ते फोटोतलं नाही, मशीनच्या पदरचं आहे, असं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. गिऱ्हाईक रुसलं तर रुसू दे.

दुरुस्तीचं काम करणारी बाई नऊ वर्षं हा नियम पाळत आली होती. आज मात्र फोटो तिच्या आईचा होता.

आई गेली तेव्हा ती दीड वर्षाची. मागे एकच फोटो राहिला, आणि ती कळती होण्याआधीच मावशीच्या ट्रंकेत पाणी शिरलं तेव्हा तोही भिजला. आईच्या मानेच्या वर तपकिरी डाग. मांडीवरची गुटगुटीत पोर मात्र ठणठणीत, एकेक वळी मोजून घ्यावी अशी. डाग पडला तो नेमका आईच्या चेहऱ्यावर. स्वतःला बघून बघून तिला अगदी वीट आला होता. तिला आई बघायची होती, बाकी काही नको होतं.

दुपारी गिऱ्हाईक नसताना तिने मावशीला बोलावून घेतलं. आईला पाहिलेलं आता तेवढं एकच माणूस उरलं होतं. तिने पडद्यावर डागाभोवती रेघ ओढली, मशीनने कुठून सुरुवात करायची तो आकडा घातला आणि बटण दाबलं. डागाच्या जागी रंगीबेरंगी ठिपके वळवळू लागले.

"अगं, मुंग्या लागल्या की," मावशी म्हणाली.

"मुंग्या नाहीत. ह्याला लाखो फोटो दाखवलेत, प्रत्येकावर असे ठिपके टाकून. त्यातले ठिपके कुठले ते ओळखायला शिकवलंय. आता ते ठिपके ओळखतं आणि थोडे थोडे काढत जातं. असं चाळीस वेळा."

"आणि खाली फोटो नसलाच तर?"

"तरी काढतं," ती घाईने म्हणाली आणि पडद्याकडे वळली.

दहाव्या पायरीला नुसता उजेड आणि सावली. विसाव्या पायरीला कपाळ आल्यासारखं वाटलं. मग डोळे, मग नाक, आणि चाळीसाव्या पायरीला एक तरुण बाई मांडीवरच्या पोरीला सांभाळत समोर बघत होती.

मावशीने पदर तोंडाला लावला. "हीच. हीच गं ती."

लेकीला रडू आवरेना. चौतीस वर्षं जिची वाट पाहिली ती समोर बसली होती. नाक तर हुबेहूब आपलंच आहे, असंही तिला वाटलं. आता छापायचं आणि घरी न्यायचं, एवढंच उरलं होतं. पण नऊ वर्षांची खोड. हाताने आपसूक आकडा बदलला आणि बटण दाबलं.

नवे ठिपके, आणि त्यातून दुसरीच बाई आली. रुंद चेहऱ्याची, जरा थोराड.

मावशी डोळे पुसत पुढे झाली. "हो, हीच. पहिलीपेक्षा हीच जास्त."

लेकीने तिसरा आकडा घातला. तिसरी लांबुडक्या तोंडाची, हसरी.

"ही पण..." मावशी म्हणाली आणि थांबली.

"मावशी, तुला ती आठवते का?"

मावशीने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "आवाज आठवतो. चेहरा कधीच गेला गं. तू लहानपणी इतक्या आशेने विचारायचीस, म्हणून तुझ्यासारखीच दिसायची असं सांगत आले. आता नाही कुठल्या तोंडाने म्हणू?"

बाईला राग आला, आणि तो मावशीवर काढता येईना. कशाच्या जोरावर काढणार? जे गिऱ्हाइकांना ती रोज सांगत होती, ते आज तिलाच कोणीतरी सांगायला हवं होतं. तिने तिन्ही बायका पुसून टाकल्या, फोटो डागासकट पाकिटात घातला आणि मावशीला रिक्षात बसवून दिलं.

पुसून काय होतंय म्हणा. फोटो तोच, बाकी सगळं तेच ठेवून पहिला आकडा पुन्हा घातला की तेच ठिपके येतात आणि त्यातून तीच बाई, नाकासकट. आणि तो आकडा तिला पाठ झाला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मालक खाली गेले तेव्हा तिने तो घातला. ठिपके हलले, विरळ झाले. उजेड आला, सावली आली. मांडीवरच्या पोरीकडे कोणीतरी वाकल्यासारखं दिसलं. दहाव्या पायरीला तिने मशीन थांबवलं आणि डबा उघडला. तिथवर ती आई असू शकत होती.