इतरत्र हवामान आल्हाददायक

‘क्षेत्र’ की ‘पट्टा’, एवढ्यावर मथळेकाकांचं अर्धा तास अडलं होतं.

समोर सोफ्यावर बायको झोपली होती. एक हात गालाखाली, दुसरा खाली लोंबकळत, पायातला एक मोजा निघून जमिनीवर पडलेला. खिडकीतून आलेलं दुपारचं ऊन बरोबर तिच्या गुडघ्यापर्यंत पोहोचून थांबलं होतं. काकांनी फोटो काढला होता तो उभ्याउभ्या, श्वास रोखून. फोटो काय, कुणालाही काढता येतो. खरी मेख ओळीत असते.

कमी दाबाचं क्षेत्र गोल असतं. मागे शेजारच्यांचं मांजर पायपुसण्यावर वेटोळं करून झोपलं होतं, तेव्हा त्यांनी ‘क्षेत्र’ लिहिलं होतं आणि ते चपखल बसलं होतं. बाई मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब पसरली होती. म्हणजे पट्टाच. ठरलं. काकांनी समाधानानं मान हलवली आणि पुढचा शब्द जुळवायला घेतला.

एकतीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढलेला माणूस हा. मथळे देणं, बातमी छाटणं आणि रोज संध्याकाळी वेधशाळेकडून आलेलं पानभर हवामान चार ओळींत बसवणं, ही कामं. मग पानं कमी झाली, डेस्क कमी झालं आणि चौपन्नाव्या वर्षी काकांना एक पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवण्यात आलं. घर तेव्हापासून बायकोच्या नोकरीवर चालत होतं. ती सरकारी रुग्णालयात सिस्टर, आख्खी इमारतही तिला सिस्टरच म्हणायची. काकांना मात्र कुणी काही म्हणेनासं झालं होतं, तोच त्यांनी एका रविवारी फोनवर एक फोटो टाकला. रिकामा चहाचा कप, तिरकी चप्पल, आणि खाली ओळ: ‘चप्पल बेपत्ता, शोधमोहीम चहानंतर, सूत्रांची माहिती.’ लोक हसले. दुसऱ्या रविवारी आणखी हसले. ‘रविवारचे हवामान’ या नावाचं त्यांचं पान झालं आणि चार हजार माणसं दर रविवारी त्याची वाट बघू लागली. ‘मथळेकाका’ हे नाव या वाचकांनीच दिलेलं. गेलेली खुर्ची परत मिळाल्यागत काका ताठ चालायला लागले होते.

विचारणाऱ्यांना ते शिकवायचेही. “गोष्ट जितकी फालतू, तितकी भाषा गंभीर. आपण हसायचं नाही. ‘बघा कशी झोपलीये, हाहा’ असं लिहिलंत की मेलात. आकडा पाहिजे, वेळ पाहिजे, दिशा पाहिजे. आधी आत्ताची स्थिती, मग गेल्या काही तासांत काय झालं, मग अंदाज, शेवटी इशारा. आणि इशाऱ्यानंतर एक अक्षर नाही.”

बायकोची अट एकच होती. “घरातलं काय वाट्टेल ते टाका. मला टाकू नका.”

आणि आजचा दिवस तर वेगळाच होता. सकाळी सहाला तिनं वॉर्डात फोन केला होता. घसा मुद्दाम खरवडून “ताप आहे हो, उभं राहवत नाहीये” असं सांगितलं होतं. सलग अकरा रविवार तिला सुट्टी नव्हती. तीनदा अर्ज केला, तीनदा ‘माणसं नाहीत’ म्हणून परत आला. फोन ठेवून ती काकांकडे बघून कसनुसं हसली होती. “चोवीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलले. झोपू द्या आता मला.”

हे सगळं काकांना माहीत होतं. माहीत होतं म्हणजे कानावर पडलं होतं. पण हातात फोटो आला, ओळ सुचायला लागली, आणि माणसाला बाकीचं जग दिसेनासं झालं. चेहरा हातानं निम्मा झाकलाय, आपल्या पानावर रुग्णालयातलं कोण मरायला येतंय, अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी लिहून काढलं:

‘सोफ्यावर कमी दाबाचा पट्टा कायम. रविवार, दुपारी १२.४०: बैठकीच्या खोलीत सकाळी नऊपासून निर्माण झालेला झोपेचा पट्टा सोफ्यावर स्थिरावला असून गेल्या साडेतीन तासांत त्याने कूस बदललेली नाही. तुरळक ठिकाणी हलके घोरणे. पंख्याचे वारे मध्यम. सायंकाळी जांभयांच्या एक-दोन सरींची शक्यता. चहा मागणाऱ्यांनी येत्या चार तासांत सोफ्याच्या दिशेने जाऊ नये.’

वेळ काढावी का, असं एकदा मनात आलं होतं. बोट त्या आकड्यावर गेलंही. पण वेळ काढली की ते हवामान राहत नाही, नुसती टवाळी उरते. एकतीस वर्षांची सवय. काकांनी वेळ ठेवली आणि बटण दाबलं.

पाऊण तासात पाचशे माणसं हसली. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, आवाज बंद करून, एकेक प्रतिक्रिया वाचत होते. नेहमीचीच वाहवा. आणि त्यात एक मात्र अशी की काका जागच्या जागी थबकले. ‘निळी छत्री’ नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं:

‘पुरुष वॉर्डात संततधार. रविवार, दुपारी १.१०: काल रात्री नऊला सुरू झालेली ड्युटी अद्याप ओसरलेली नाही. बेचाळीस खाटांवर एक सिस्टर. सात महिन्यांच्या पाळण्याकडे दूध पोहोचण्यास विलंब. इतरत्र हवामान आल्हाददायक.’

आहाहा! काकांच्या अंगावर काटा आला. स्थिती, आकडा, वेळ, आणि शेवट तर काय शेवट! हसू कुठेही सांडलेलं नाही. इतक्या वर्षांत असं कुणी लिहिलं नव्हतं, खरं सांगायचं तर त्यांनी स्वतःही नाही. मोठ्या मनानं त्यांनी खाली लिहिलं, ‘वा! शेवटची ओळ लाजवाब. आजचा मान तुमचा.’ आणि ती प्रतिक्रिया सगळ्यांत वर लावून टाकली, येणाऱ्या प्रत्येकाला आधी तीच दिसावी म्हणून.

वॉर्ड, सिस्टर, बेचाळीस खाटा. चांगली ओळ वाचताना माणूस किती आंधळा होतो याला काही सुमार आहे?

बायको चारला उठली. झोप पुरी झाल्याचं तेज तिच्या तोंडावर होतं. कित्येक महिन्यांत काकांनी ते बघितलं नव्हतं. “काय छान वाटतंय हो,” असं म्हणत तिनं फोन हातात घेतला. नऊ हुकलेले कॉल. मग कुणीतरी पाठवलेलं पान.

ती वाचत असताना काका कौतुकाच्या आशेनं तिच्याकडे बघत होते, हे सांगायला लाज वाटते, पण बघत होते.

“ही कोण आहे माहितीये तुम्हाला?” तिनं विचारलं.

“निळी छत्री? नाही बुवा. पण लिहिते काय—”

“आमची धाकटी सिस्टर. रात्रपाळी करून सकाळी सातला घरी जायची होती. मी आले नाही म्हणून तिला दुपारपर्यंत थांबवलं. घरी सात महिन्यांची मुलगी आहे तिची.”

काकांचा हात खिशातल्या फोनकडे गेला.

“तुमचं पान मला तीच दाखवते, दर सोमवारी. काका काय लिहितात, काका काय लिहितात. तिला वाटलं असेल, मला खरंच ताप आहे. सकाळी मला निरोपसुद्धा आला होता तिचा, काळजी घ्या म्हणून.”

“काढून टाकतो. आत्ता काढतो.”

“आणि हे तुम्ही वर लावलंत?” तिचा आवाज चढला नव्हता. “लाजवाब म्हणालात तिला?”

काकांनी सगळं पुसलं. पण असल्या गोष्टी पुसून जातात थोड्याच! दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेल्या गेल्या बायकोला मेट्रनच्या खोलीत बोलावणं आलं. टेबलावर काकांच्या पानाचा छापलेला कागद होता. तारीख, वार, वेळ, सगळं ठसठशीत. तो फोटो मागच्या महिन्यातला आहे, असं म्हणायची सोय काकांनी ठेवलीच नव्हती.

संध्याकाळी ती घरी आली ती नोटीस घेऊन. तीन दिवसांत लेखी खुलासा. वॉर्डाची इन्चार्ज म्हणून तिचं नाव पुढे गेलं होतं, ते मागे घेतलं होतं. चोवीस वर्षं ज्या खुर्चीच्या शेजारी उभं राहून तिनं इंजेक्शनं भरली होती, ती खुर्ची आता दुसऱ्या कुणाला तरी मिळणार होती.

“मेट्रननं सगळ्यांसमोर वाचून दाखवलं,” ती बुटांचे बंद सोडत म्हणाली. “पट्टा, घोरणं, जांभया, सगळं. हसले सगळे. मलाही हसू आलं. चांगलं लिहिलं होतं हो.”

“आणि धाकटी?”

“ती नाही हसली. रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं आणि गेली. पूर्वी खाटेखाटेशी उभी राहून सांगायची, याला रात्री उलटी झाली, तो औषध थुंकतो. आज नुसतं रजिस्टर.”

इतकी वर्षं लोकांच्या चुका छाटल्या, आणि आपली एक ओळ छाटता आली नाही. काहीतरी करायलाच हवं होतं. “मी खुलासा लिहून देतो,” ते म्हणाले. “अकरा रविवार, तीन अर्ज, माणसांची कमतरता, सगळं मुद्देसूद मांडतो. आणि पानावर माफीही लिहितो. जाहीर. सगळी चूक माझी, असं.”

“नको.”

“अगं, नीट लिहितो ना.”

“तेच नको. तुम्ही लिहिलं की चांगलं होतं.” तिनं नोटिशीची घडी घातली. “लोक वाचतात आणि वा म्हणतात. मला कुणाची वा नकोय. मी लिहीन माझं.”

तिनं जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं. ‘मला ताप नव्हता. मी दमले होते. मी खोटे बोलले.’ खाली सही. अर्जांबद्दल एक अक्षर नाही. काकांनी खांद्यावरून डोकावून वाचलं, आणि निदान अर्जांच्या तारखा तरी घाल, असं अगदी ओठांवर आलेलं वाक्य गिळून टाकलं. तिनं पाकिटाला थुंकी लावली आणि ते पर्समध्ये टाकलं.

तिला पुढची सुट्टी मिळाली ती त्या रविवारनंतर थेट अठरा दिवसांनी, गुरुवारी. तोवर काकांच्या पानावर लोक विचारून विचारून थकले होते की काका, हवामान कुठाय. काकांनी एकाही माणसाला उत्तर दिलं नव्हतं.

गुरुवारी ती अंघोळ करून बाहेर आली. काकांनी सोफ्यावरच्या उशा झटकून ठेवल्या होत्या, पडदा अर्धा ओढला होता, पंखा लावला होता. फोनही त्यांनी तिला दिसेल अशा बेतानं कपाटात ठेवला होता.

“झोप इथं,” ते म्हणाले. “वारा छान येतो.”

“आत झोपते,” ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, आणि आतल्या खोलीत गेली.

दार लोटलं गेलं. त्या दाराची कडी लग्नानंतर कधी कुणी वापरली नव्हती. तिच्यावर रंगाचे थरावर थर बसले होते. आतून ती सरकवायला बायकोला बराच जोर लावावा लागत होता. एकदा अडकली, दुसऱ्यांदा अडकली. काका उठून मदतीला दारापर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले. तिसऱ्यांदा कडी लागली.