क्लाराच्या पेपराला पर्यवेक्षक

वाशीमच्या कृषी महाविद्यालयात क्लारा जर्मनीहून सहा महिन्यांसाठी आली, आणि वसतिगृह दुरुस्तीला काढलेलं म्हणून ग्रंथपाल लिलाबाईंच्या घरी राहिली. आल्यापासून त्यांना मावशी म्हणायची. तुरीच्या मुळांवर तिचा अभ्यास होता. मेडशीच्या एका शेतात तिचे वाफे होते आणि तूर नुकती फुलावर आली होती.

अशात तिच्या विद्यापीठाची फेरपरीक्षा जाहीर झाली. तिकडे आजारपणात बुडालेला संख्याशास्त्राचा पेपर. या वेळी दिला नाही तर वर्ष जाणार, आणि द्यायला गेली तर तुरीच्या अभ्यासावर पाणी. क्लारानं विद्यापीठाला ईमेल केला : त्याच दिवशी, त्याच वेळी इथल्या महाविद्यालयात, इथल्या पर्यवेक्षकासमोर बसू द्या. परीक्षा विभागाचे विनोद राठोड सर पर्यवेक्षक होतील, असंही लिहिलं.

उत्तर चांगलं आलं. परवानगी होती. पर्यवेक्षक कायम नोकरीतला हवा, मार्गदर्शक किंवा घरमालक नको. प्रश्नपत्रिका त्याच्या कार्यालयीन ईमेलवर येईल, ती उघडायचा पासवर्ड ऐन वेळी. सोबत एक हमीपत्र होतं : विद्यार्थिनीशी माझं कसलंही कौटुंबिक नातं नाही. ते सही करून उद्या संध्याकाळपर्यंत पाठवायचं.

विनोद सरांनी ते दोनदा वाचलं आणि पेन खाली ठेवला.

लिलाबाईंना लगेच उमगलं. भाऊबीजेला त्यांच्याच अंगणात पाट मांडला होता. क्लाराला सख्खा भाऊ नाही म्हणून तिनं हौसेनं विनोद सरांना ओवाळलं होतं, कुंकू लावताना सरांचं नाकही लाल केलं होतं.

मार्गदर्शक नीता मॅडमनी समजावून पाहिलं, की ते लोक रक्ताचं नातं विचारतात. सर ऐकेनात.

"तिनं मले ओवाळलं, मॅडम. आता मी कसं लिहू का हे पोरगी माही कोणी नाही?"

"वा, सर. ओवाळणीत एक पेन देल्ला अन् भाऊ झाले," नीता मॅडम म्हणाल्या.

"पेन असो का साडी. सही नाही होत माह्याच्यानं."

लिलाबाईंना त्यांचा रागही आला आणि त्यांच्याबद्दल मायाही वाटली. पूर्वी प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे लाखेची मोहर लावून यायचे. मोहरेला बारीक तडा दिसला म्हणून गठ्ठा न उघडता आधी साक्षीदार बोलावणारे जुने सर त्यांना आठवले. विनोद त्यांचाच विद्यार्थी.

क्लारा पायरीवर बसली होती. "मावशी, मले तूर सोडून जायाचं नाही," एवढंच म्हणाली.

मग लिलाबाई मनातल्या मनात सगळं महाविद्यालय फिरल्या. प्राचार्यांच्या घरी पोरीची ओटी भरलेली. शिपायापासून लेखापालापर्यंत कोणी हिला लेक मानलेली, कोणी भाची. चार महिन्यांत पोरीनं परकं माणूस म्हणून ठेवलंच नव्हतं. एक प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या रंजीता मॅडम तेवढ्या उरल्या, नोकरीतही कायम. शिरपूरहून रोज बसनं यायच्या, डबा एकट्या खायच्या, आणि प्रयोगशाळेत चपला घालून आल्याबद्दल क्लाराला त्यांनी बाहेर काढलं होतं.

लिलाबाईंनी भीतभीत विचारलं. रंजीता मॅडमनी हमीपत्र वाचलं, म्हणाल्या, "हे तं खरंच आहे," आणि सही केली. क्लारानं पर्यवेक्षकाचं नाव बदलण्याचं कारण विद्यापीठाला जसंच्या तसं कळवलं, भाऊबीजेसकट. त्यांनी नवं नाव मंजूर केलं, आणि आधीच सांगितल्याबद्दल आभार मानले.

पेपरापर्यंत लिलाबाईंनी कडक पहारा ठेवला. नीता मॅडम रंजीताला चहाला बोलवायला निघाल्या तर त्यांनी हात धरला. "आताच नका जोडू कोणाले. पेपर होऊ द्या."

तिकडे सकाळ, इकडे दुपारचा दीड. रंजीता मॅडमनी पासपोर्ट तपासला, मोबाइल काढून घेतला, दार लावलं. लिलाबाई लिंबाचं सरबत घेऊन आल्या, तर आतलं पाणी पुरे आहे म्हणून ते दारातूनच परत पाठवलं. एरवी त्या रागावल्या असत्या. त्या दिवशी त्यांना ते सरबत परत नेताना फार बरं वाटलं.

पेपर संपला. उत्तरपत्रिका स्कॅन होऊन गेल्या. मूळ पानं पाकिटात घालून जोडावर सही झाली, कुरिअरवाला घेऊनही गेला. क्लारा हसत बाहेर आली. पेपर जमला होता. उद्या पहिल्या बसनं मेडशी, म्हणाली.

लिलाबाई रंजीता मॅडमजवळ गेल्या. "आता तं जेवाले या बाई घरी. वरणफळं केले."

"निकाल लागल्यावर येईन."

"अन् तवरोक?"

"तवरोक मी तिची कोणी नाही," रंजीता मॅडम म्हणाल्या. पर्स उचलली, दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "पण मावशी, उद्या शेतात तिले ऊन लागन. टोपी द्या बरं पोरीले."