मधला व

शीला माझ्या खोलीत आली तेव्हा मोबाइल तिनं पदरात गुंडाळून धरला होता. मी विद्यापीठात ध्वनिविज्ञान शिकवते. युनियनच्या वकिलांनी माझं नाव दिलं होतं. बसायच्या आधीच ती म्हणाली, "मॅडम, ह्यात माझ्या मालकाचा शेवटचा आवाज हाय. अन् त्येला मारनाऱ्याचा बी."

तिचा नवरा मल्हारी वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. तीन महिन्यांपूर्वी तो प्रेसच्या, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनच्या, मागच्या बाजूला अडकलेला पत्रा काढायला गेला. तिथून मशीन चालू-बंद करायचं पॅनल दिसत नाही, म्हणून त्यानं पॅनलवरच्या माणसाला फोन लावून विचारलं, आणि आत हात घातला. प्रेस खाली आली. पॅनलवर होता त्याचाच चुलतभाऊ अजिनाथ. एकाच गावात, एकाच मेंढवाड्यात वाढलेले दोघं.

मल्हारीच्या फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचा. कंपनीच्या चौकशीत तो कॉल टाइप झाला होता, आणि त्यावरून अजिनाथवर हलगर्जीपणाचा आरोप ठेवला होता. शीलानं घडी घातलेला कागद पुढं केला.

मल्हारी : बंद आहे का?
अजिनाथ : बंद आहे. होय.

"तो म्हनतो, म्या असं बोललोच नाय," शीला म्हणाली. "पन म्या दोनशेदा आयकलंय. माझी सासू वच्छलाबाई, तिनं त्येला दारात उभं केलं नाय. तुम्ही फकस्त लिहून द्या, कागद खरा हाय म्हनून. उद्या त्येचं कुनी खरं मानू नये."

मी हेडफोन लावला. शेजारच्या प्रेसचे ठोके, आणि त्यांच्यामधून मल्हारीचा आवाज, घाईचा. "आज्या, बंद हाय का रं?" मग उत्तर: "बनाय", एक दणका, आणि शेवटी "वाय". मलाही तेच ऐकू आलं. बंद हाय, व्हय. टाइप करणाऱ्याला दोष देता येत नव्हता. त्यानं फक्त बोलण्यातून गळलेली अक्षरं परत भरली होती.

पण कोणती अक्षरं गळली होती, हाच तर प्रश्न होता.

आपण भराभर बोलतो तेव्हा 'बंद'मधला द जातो. 'दार बन कर' म्हणतो. 'हाय'मधला ह तर मोकळ्या बोलण्यात टिकतच नाही. म्हणजे 'बंद हाय' तोंडातून निघतं 'बनाय'. आणि 'बंद नाय'? द गेला की दोन न शेजारी येतात: 'बन्नाय'. उलट अर्थाची ही दोन वाक्यं, आणि त्यांच्यात फरक उरतो तो न किती वेळ धरला, एवढाच. त्यात दणके चालू असतील तर कानाला तेवढंही मिळत नाही. ज्याला जे अपेक्षित, ते ऐकू येतं.

हे मी शीलाला लगेच सांगितलं नाही. विचारलं, "ह्या फोनमध्ये त्या दोघांचे जुने कॉल आहेत?"

"लई हायती."

"मला ते लागतील. अजिनाथ रोज कसा बोलतो ते बघायचंय."

चार दिवस ती माझ्याशेजारी बसली. तिच्याशिवाय मला गावाची, माणसांची नावं कळली नसती. दोघा भावांचं बोलणं असायचं साधंच: शेळी व्यायली, बसला जागा धर, विहिरीवरची मोटर चालू हाय का बंद हाय. मल्हारी हसला की शीला खिडकीकडं बघायची. एका कॉलमध्ये तो म्हणाला, "शीलीला सांगू नको, तिला साडी घेतलीय." तेव्हा मी आवाज थांबवला. ती म्हणाली, "थांबवू नका. आयकू द्या."

मोटरीच्या बोलण्यानं मला हवं ते दिलं. 'मोटर बंद हाय' अजिनाथ अकरा वेळा म्हणाला होता. दर वेळी न तोकडा, साठ-सत्तर मिलिसेकंदांचा. 'बंद नाय' पाच वेळा. न जवळजवळ दुप्पट. त्या शेवटच्या कॉलमधला न मी मोजला. एकशे अठ्ठावीस.

तरीही मला खात्री वाटेना. गोंगाटात न कुठं संपला हे ठरवताना चूक होऊ शकते. मग मी तो शेवटचा 'वाय' घेतला.

'चालू हाय' म्हणताना अजिनाथचा ह जायचा, आणि ऊ नि आ समोरासमोर यायचे. अशा वेळी जीभ थांबत नाही. ऊ म्हणताना ओठ गोल झालेले असतात, ते उघडता उघडता मध्ये एक व आपसूक येतो. 'चालूवाय'. कुणी तो मुद्दाम म्हणत नाही, कुणी तो लिहीत नाही. 'आई आली' म्हणताना जसा मध्ये य येतो, तसाच.

'व्हय' असतं तर व नंतर ह चा श्वास आला असता आणि स्वर आखूड अ असता. इथं श्वास नव्हता. स्वर लांब आ होता. आणि व च्या आधी, दणका विरता विरता, ऊ चं शेपूट होतं, सलग, न तुटता त्या व मध्ये मिसळलेलं. 'चाल' दणक्याखाली गेलं होतं.

अजिनाथ म्हणाला होता: बंद नाय! चालू हाय!

शीलाला मी ते सावकाश ऐकवलं, आधी मोटरीचं, मग हे. तिसऱ्यांदा तिला ऐकू आलं. तिचा चेहरा बदलला तो मला दिसला.

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "म्हंजी ह्येंनीच चुकीचं आयकलं."

"तुम्हीही तेच ऐकलंत. मीही."

"कंपनी म्हनंल, मेलेल्याची चूक."

"म्हणेल." खोटं बोलून उपयोग नव्हता. "पण मशीनमध्ये हात घालायच्या आधी पॅनलला कुलूप लावून चावी खिशात ठेवायची असते. मग फोन करायची वेळच येत नाही. त्या दिवशी कुलूप कुठं होतं, हे चौकशीत कुणी विचारलंय?"

तिनं नकाराची मान हलवली. कागदाची घडी उलगडून पुन्हा घातली. "लिहा मॅडम. हाय तसं लिहा."

मी लिहिलं, शक्यता कुठं आहे आणि खात्री कुठं, तेही.

चौकशीच्या पुढच्या तारखेला अजिनाथला मी पहिल्यांदा पाहिलं. सडपातळ, मान खाली. साक्षीत त्यानं एकेक शब्द सुटा केला: "बंद. नाही. असं. म्हणालो." दाराबाहेर तो मला म्हणाला, "म्याडम, मलाच वाटाया लागलं व्हतं का म्या हाय म्हनलो. रातंदिस तोंडात घोळवून बघायचो. शेवटी कोनतं खरं तेच कळंना."

शीला मागं उभी होती. चौकशी अधिकाऱ्याला तिनं कुलपाचं विचारलं होतं, दोनदा, मोठ्यानं. त्या पाळीत कामगारांना द्यायला एकही कुलूप भिंतीवर नव्हतं, हे लिहून घ्यावं लागलं. अजिनाथवरचा आरोप मागं घेतला गेला. कुलपाचा खटला कामगार न्यायालयात अजून चालू आहे, आणि तो कधी संपेल सांगता येत नाही.

"वैनी," अजिनाथ म्हणाला.

"घरी चल," शीला म्हणाली. "सासूबाईला तुझ्या तोंडून सांग. सावकाश सांग, तिला कमी आयकू येतं."

दोघं वाळूजच्या रिक्षेत बसले. ती आधी सरकली, आणि त्याला जागा केली.